ओव्हनमधला बटाटा आणि त्याची कुरकुरीत साल

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर जॅकेट पोटॅटो हा प्रकार टाळताच येत नाही, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, स्टेशनबाहेरच्या छोट्या कॅफेत, शाळेच्या डब्याच्या मेन्यूत, सगळीकडे तो असतोच. अख्खा बटाटा सालीसकट भाजायचा, मधून चिरायचा आणि वर बटर, चेडर चीज, टोमॅटो सॉसमधले बीन्स असलं काहीतरी घालायचं. पण कॅन्टीनमधला बटाटा बहुतेक वेळा मायक्रोवेव्हमधून आलेला असतो, साल ओलसर, सुरकुतलेली, आतला गर जड आणि थोडा चिकट. लोक आतलं खातात आणि साल ताटात ठेवून देतात. आणि खरं सांगायचं तर या पदार्थात सगळ्यात भारी काय असेल तर ती सालच, म्हणजे नीट भाजली असेल तर. दातांखाली कर्रकन मोडते, तिच्या आतल्या बाजूला गराचा एक पातळ थर भाजून तपकिरी झालेला असतो आणि तोच सगळ्यात चविष्ट लागतो. घरी ते तसं जमवायला मी बरंच करून बघितलं आणि आता एक पद्धत पक्की बसलीये, तर ती नीट सगळी लिहून काढते, परवाच्या रविवारी केले तेच डोळ्यासमोर ठेवून.

सुरुवात बटाट्यापासूनच. इथे सुपरमार्केटात पिशवीवर सरळ बेकिंग पोटॅटो असंच लिहिलेलं असतं, आत बहुतेक वेळा मॅरिस पायपर किंवा तशाच जातीचे मोठे बटाटे. किंग एडवर्ड पण चालतो, तो तर १९०२ पासूनचा जुना वाण आहे इथला. हे दोन्ही पिठूळ बटाटे, म्हणजे स्टार्च जास्त, पाणी त्या मानाने कमी, भाजल्यावर गर मोकळा आणि भुसभुशीत होतो. सॅलडसाठी मिळतात ते शार्लटसारखे चिकट बटाटे यासाठी घेऊ नयेत, ते शिजतात पण कधीच फुलत नाहीत, कितीही वेळ ठेवा. मी सुटे बटाटे निवडून घेते कारण मला एकसारख्या जाडीचे हवे असतात. एक मोठा एक छोटा घेतला की छोटा आधी होतो, मोठा मागे राहतो आणि मग ओव्हनचं दार सारखं उघडावं लागतं. परवा घेतलेले चारही साधारण ३०० ग्रॅमच्या आसपासचे होते, लांबट, डोळे कमी. हिरवट छटा असलेला बटाटा मी घेतच नाही, एरवी सोलून तेवढा भाग काढून टाकता येतो पण इथे सालच खायची असते आणि हिरवेपणाबरोबर येणारं ते कडू सोलॅनिन सालीतच जास्त असतं. आणि हो, फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे शक्यतो वापरू नका, थंडीत स्टार्चची साखर व्हायला लागते, मग बटाटा गोडसर लागतो आणि साल कुरकुरीत व्हायच्या आधीच काळी पडते.

धुवायचं काम ब्रशने. माती सालीच्या खळग्यांत बसलेली असते आणि ती तशीच राहिली तर सगळ्या मेहनतीवर खाताना कचकच. पण धुण्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते वाळवणं. साल ओली असेल तोवर ओव्हनची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर सालीचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जातच नाही, म्हणजे साल वाफवली जाते, भाजली जात नाही. म्हणून मी आधी सुती पंचाने पुसते आणि मग जाळीवर अर्धा तास तसेच उघडे ठेवते, तोवर ओव्हन तापतो आणि बाकीची तयारी होते.

आता टोचण्याबद्दल. यावर घरोघरी वेगळं मत असतं, कोणी म्हणतं टोचलं नाही तर ओव्हनमध्ये फुटतो, कोणी म्हणतं आम्ही आयुष्यात कधी टोचला नाही आणि काही झालं नाही. दोन्ही आपापल्या जागी खरं आहे. बटाट्याची साल बाहेरून पातळ दिसली तरी ती बुचासारख्या पेशींची बनलेली असते, तिचं कामच मुळी आतलं पाणी आत धरून ठेवणं आहे, त्यामुळे आत वाफ तयार झाली की तिला बाहेर पडायला वाट कमी. बहुतेक वेळा कुठेतरी बारीक भेग जाऊन वाफ निघून जाते, पण एखादा बटाटा खरंच फुटतो, आणि फुटला की गर ओव्हनच्या तापलेल्या पत्र्यावर जाऊन करपून चिकटतो, तो खरवडून काढणं फार त्रासाचं असतं. दोन मिनिटांच्या कामासाठी ती जोखीम कशाला. मायक्रोवेव्हमध्ये तर टोचायलाच हवं, तिथे आत वाफ फार झपाट्याने तयार होते.

मी साध्या काट्याने टोचते, चारी बाजूंनी मिळून सहा-सात ठिकाणी, साधारण एक सेंटीमीटर खोल, म्हणजे काट्याची टोकं सालीतून जाऊन गरात थोडी शिरली की झालं. टक्कन आवाज येतो साल फुटल्याचा, तो आला पाहिजे, नुसती खूण उमटून उपयोग नाही. पण जास्त भोकं पाडली की साल जास्त कुरकुरीत होते असा जो समज आहे ना, तसं काही मला तरी दिसलेलं नाही. उलट खूप टोचलं किंवा सुरीने खोल चिरा दिल्या की तिथून रस बाहेर येतो, तो स्टार्चवाला रस सालीवर सुकतो आणि चिकट काळे ठिपके होतात. टोचणं हे फुटू नये म्हणून, कुरकुरीतपणा येतो तो कोरड्या उष्णतेने आणि वेळेने.

ओव्हन. माझ्या पद्धतीत २०० अंश सेल्सियस, हे साध्या ओव्हनचं झालं. फॅनचा ओव्हन असेल तर १८०, आणि इथल्या जुन्या गॅसच्या ओव्हनवर गॅस मार्क ६. आधी किमान पंधरा-वीस मिनिटं तापू द्यायचा, दिवा विझला म्हणजे तापला असं धरून चालू नका. मी एक छोटा ओव्हनचा थर्मामीटर जाळीला लटकवून ठेवलाय, फार महाग नसतो, आणि त्यावरून कळलं की आमच्या या भाड्याच्या घरातल्या ओव्हनचं बटण २०० वर असताना आत १८५ च्या आसपासच असतं. आता मी बटण थोडं पुढे ठेवते. हा फरक कळल्यावर बाकीच्या लोकांचे आणि माझे वेळेचे आकडे का जुळत नाहीत ते कोडं सुटलं.

तापमान आणखी वाढवलं तर लवकर होणार नाही का? साल लवकर होते पण मधला गाभा नाही. बटाट्यात पाणीच तीन-चतुर्थांशाहून जास्त असतं, उष्णता बाहेरून आत हळूहळूच सरकते, बाहेर २४० केलं म्हणून ती त्या मानाने धावत आत जात नाही, तोवर साल मात्र जळते. आणि फार कमी, १५०-१६० वर ठेवलं तर दोन तासांच्या वर जातात आणि साल जाड, चामट होते, कुरकुरीत नाही. २०० च्या आसपास दोन्ही एका वेळी होतं, बाहेरचा थर सावकाश सुकत जातो आणि तोवर गाभाही शिजतो.

बटाटे थेट जाळीवर ठेवायचे, मधल्या कप्प्यात, एकमेकांपासून दोन-तीन बोटं लांब. ट्रेवर ठेवले तर जिथे टेकतात तिथे एक कडक तपकिरी चकती होते आणि त्याच्या शेजारचा भाग ओलसर राहतो, कारण खालून वाफ निघायला जागा नसते. खालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे ठेवते, काही गळलंच तर त्यात पडतं.

आणि फॉइल अजिबात नाही. फॉइलमध्ये गुंडाळलेला बटाटा हा भाजलेला नाहीच, तो वाफवलेला. आपल्याकडे रायगडमध्ये थंडीत पोपटी लावतात ना, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि बटाटे, तोंड पाल्यानेच बंद करून बाहेरून जाळ, त्यातल्या बटाट्याची साल मऊच असते आणि तिथे ती तशीच हवी असते, पाल्याचा वास आत शिरतो, ती चव वेगळीच. पण कुरकुरीत साल हवी असेल तर वाफ कोंडून चालत नाही. फॉइलची दुसरी भानगड जास्त गंभीर आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो इथे एका रेस्टॉरंटमध्ये फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच गुंडाळून बाहेर ठेवले होते, नंतर त्यांचं डिप केलं आणि ३० लोकांना बोट्युलिझम झाला, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा, स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार. बटाटा जमिनीत वाढतो, त्याच्यावर त्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते भाजण्याने मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे, म्हणजे त्यांना हवं तसंच सगळं. म्हणून उरलेला बटाटा तासन् तास ओट्यावर ठेवू नये, गुंडाळून तर नाहीच.

तेल कधी लावायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. इथे बहुतेक घरांत आधीच तेल आणि मीठ चोळून बटाटा आत टाकतात, आणि तो वाईट होत नाही, छान रंग येतो. पण मी एकाच वेळी, एकाच ओव्हनमध्ये दोन बटाट्यांना आधी तेल लावून आणि दोन कोरडे ठेवून बघितले, कोरड्यांना शेवटी तेल लावलं. आधी लावलेल्यांची साल चकचकीत होती पण चावताना ओढली जात होती, थोडी चिवट. शेवटी लावलेल्यांची मोडत होती. मला वाटतं तेलाच्या थराखाली साल पुरेशी सुकतच नाही, आणि आधी पूर्ण सुकवून मग तेल दिलं की ते साल चक्क तळल्यासारखी करून टाकतं. तेव्हापासून मी तेल शेवटीच लावते.

तर रविवारी सव्वासहाला चारही बटाटे कोरडेच आत गेले. अर्ध्या तासाने बघितलं तेव्हा साल फिकट आणि कोरडी दिसत होती, दाबून काही कळत नव्हतं, कडकच. एकदा उलटवले. पाऊण तासाने पंचात धरून दाबले तर बाहेरचा भाग किंचित दबत होता, आणि इथेच बरेच जण फसतात, वाटतं झाला. लांब पातळ सळई घेऊन सगळ्यात जाड भागात मध्यापर्यंत घातली तर पहिले दोन सेंटीमीटर सहज गेली आणि मग मध्ये अडकली, जोर लावावा लागला. म्हणजे गाभा कच्चा. माझ्याकडे टोकदार प्रोब थर्मामीटर आहे, त्याने मध्यभागी ८१ अंश दाखवले.

एका तासाने सळई आरपार गेली, पण बाहेर काढताना मध्यावर तिला बारीकशी पकड जाणवली, आणि थर्मामीटर ९१ वर. या टप्प्यावर बटाटा खाता येतो, कच्चा लागत नाही, पण गर घट्ट आणि जरा मेणचट असतो. स्टार्च ६०-७० अंशांतच पाणी शोषून फुगतो, पण पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते सैल व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं आणि तिथे थोडा वेळही द्यावा लागतो. ते सैल झालं की पेशी सुट्या होतात आणि तेव्हाच गर काट्याने टोकरला की भुरभुरीत पडतो. म्हणून मी मध्यभागी ९६ ते ९९ अंश येईपर्यंत थांबते. एक तास पंधरा मिनिटांनी ९७ दिसलं, सळई लोण्यातून जावी तशी गेली आणि तशीच परत आली.

थर्मामीटर नसला तरी काही अडत नाही हं. कोरडा जाड पंचा हातात घ्या (ओला घेऊ नका, ओल्यातून चटका लगेच लागतो), बटाटा अंगठा आणि बोटांमध्ये धरून दोन्ही बाजूंनी दाबा. झालेला बटाटा दाबला की सगळीकडून सारखा आत जातो आणि खोलगट राहतो, परत वर येत नाही. मध्ये काहीतरी गोटीसारखं घट्ट हाताला लागलं तर अजून दहा मिनिटं. सालही सैल वाटते, आतल्या गरापासून सुटल्यासारखी, आणि दाबताना कागद चुरगळल्यासारखा हलका आवाज येतो.

मग बाहेर काढून ब्रशने पातळ तेल, चार बटाट्यांना मिळून एक मोठा चमचा पुरतो, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, बटर नको कारण त्यातला दुधाचा भाग करपतो. वर जाडं मीठ. तेलामुळे मीठ चिकटतं. ओव्हन २२० वर करून पुन्हा दहा मिनिटं. या दहा मिनिटांत रंग फिकट तपकिरीवरून गडद सोनेरी होतो आणि नखाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो.

बाहेर आल्यावर एक मिनिटही थांबू नका. सुरीने वरून अधिकच्या चिन्हासारखी खोल चीर द्यायची आणि पंचाने खालच्या बाजूने चारी कोपरे आत दाबायचे, गर फुलून वर येतो आणि वाफेचा मोठा लोट निघतो. ती वाफ निघालीच पाहिजे. न चिरता तसाच ठेवला तर आतलं पाणी पुन्हा गरात मुरतं, गर चिकट होतो, आणि सालीवर वाफ बसून ती पाच-दहा मिनिटांत मऊ पडते, म्हणजे सव्वा तास पाण्यात. डब्यात घालून झाकण लावणं, भांड्यात एकावर एक रचणं, हे पण तसंच. मी एक बटाटा आत जाताना आणि चिरल्यावर वजन करून बघितला, ३१० ग्रॅमचा साधारण २५५ झाला होता. एवढं पाणी उडून गेलं म्हणून तर चव दाट होते, उकडलेल्या बटाट्यात हे होतच नाही.

वर घालायचं ते मध्ये, गरावर, सालीवर ओघळू द्यायचं नाही. बटर आणि चीज तर झालंच, पण आमच्याकडे हिरव्या मिरचीचा ठेचा लोण्यात कालवून घालतो, नाहीतर दाटसर दह्यात शेंगदाण्याचं कूट आणि जिरं. नवरा तर आधी गर संपवतो आणि शेवटी ती रिकामी साल ठेच्याबरोबर पापडासारखी मोडून खातो.

व्हिडिओ कॉलवर आईने हे बघितलं आणि तिला पुण्यात ओटीजीमध्ये करायचे होते. म्हणाली, "अगं, पण आपल्याकडे एवढाले बटाटे कुठे मिळतात?" खरंय, मंडईतले बटाटे साधारण १२० ते १५० ग्रॅमचे असतात, साल पातळ. तिला म्हटलं नवा बटाटा घेऊ नकोस, अंगठ्याने घासून साल निघत असेल तर तो नवा, जुना घे ज्याची साल घट्ट आहे. आणि पिठूळ आहे की चिकट हे घरीच बघायचं असेल तर पाव वाटी मीठ पावणेतीन वाट्या पाण्यात विरघळवून त्यात एक छोटा बटाटा सोड. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट, कारण स्टार्च जास्त असला की बटाटा जड असतो. "एवढं मीठ वाया घालवायचं होय गं?" म्हणाली, पण केलंन, आणि तेच पाणी मग भाजी उकडायला थोडं थोडं वापरलंन.

ओटीजीत फरक असा की रॉड फार जवळ असतात. वरचा रॉड लाल होतो आणि थेट सालीवर मारा होतो, म्हणून दोन्ही रॉड चालू, जाळी शक्य तितकी मध्यावर, २०० अंश, आणि दर वीस मिनिटांनी उलटवायचे. छोटे असल्यामुळे तिचे पन्नास-पंचावन्न मिनिटांत झाले, शेवटची तेलाची पायरी मात्र पाच-सहा मिनिटंच, त्यापुढे पातळ साल लगेच काळी पडते. तिने पुरणाच्या पोळीला वापरते ती लांब सळई घालून बघितली आणि फोन ओट्यावर टेकवून मला आवाज ऐकवला टकटक केल्याचा, बरोब्बर आला होता. साल इथल्याइतकी जाड होत नाही, त्यामुळे कर्रकन नाही तर खुसखुशीत म्हणता येईल अशी होते, आणि ती लवकर मऊही पडते, म्हणून माणसं पानावर बसल्यावरच बाहेर काढायचे.

घाई असेल तेव्हा मी आधी मायक्रोवेव्हमध्ये टोचलेला बटाटा आठ-दहा मिनिटं आणि मग ओव्हनमध्ये २२० वर वीस-पंचवीस मिनिटं असं करते. गर ठीक होतो, साल वरून कुरकुरीत होते, पण तिच्या आतला तो भाजलेल्या गराचा थर तयार होत नाही, कारण त्याला लागणारा वेळच मिळालेला नसतो. आठवड्यातल्या दिवशी चालतं.

उरलेले बटाटे निवले की फ्रिजमध्ये उघड्या डब्यात, दोन दिवस सहज राहतात, आणि परत खाताना मायक्रोवेव्ह नको, अर्धे चिरून चिरलेली बाजू वर ठेवून २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, मधोमध वाफाळेपर्यंत गरम करा, साल पुन्हा मोडायला लागते.